किमतीच्या कागदाखाली आणखी सहा ओळी लिहा
जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील सायकल विक्रेत्यांना खुले पत्र

दुकानदार बंधूंनो,

तुमच्या दुकानांपुढे ओळीने उभ्या असलेल्या सायकलींच्या हँडलला एक कागद लटकवलेला असतो. त्यावर एक आकडा असतो आणि बहुधा तेवढंच असतं. सहा-सात हजार, बारा-तेरा हजार, अठरा हजार, तीस हजार. रोज कामावर जाण्यासाठी सायकल घ्यायला आलेला माणूस त्या ओळीतून फिरतो आणि विचारतो, "भाऊ, हिच्यात आणि तिच्यात फरक काय?" उत्तर ठरलेलं असतं. हिला गिअर आहेत, हिला डिस्क आहे, हिला शॉकअप आहे, ही अलॉय आहे. उत्तर खोटं नसतं. पण पिंप्राळ्याहून एमआयडीसीत किंवा देवपुरातून अवधानला जाणाऱ्याला यातलं काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्यात कुठेच नसतं.

हे पत्र ग्राहकांऐवजी तुम्हाला लिहितो आहे, कारण ज्याला हे सगळं ठाऊक आहे तो माणूस काउंटरच्या तुमच्या बाजूला उभा आहे. ग्राहक आयुष्यात दोन-चार सायकली घेतो. तुम्ही एका शनिवारी तेवढ्या विकता.

माझा भाचा धुळ्यात देवपूरला राहतो आणि अवधानच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. जाण्याचं अंतर साधारण आठ-नऊ किलोमीटर. पांझरा ओलांडली की लळिंगच्या दिशेने रस्ता हळूहळू चढत जातो. चढ डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण मांड्यांना बरोबर कळतो. त्याच्यासाठी आम्ही सायकल बघायला निघालो तेव्हा त्याच्या बजेटच्या आसपास तीन सायकली होत्या. पहिली लोखंडी फ्रेमची, बिनगिअरची, व्ही-ब्रेकची, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर लावलेली. किंमत 6,800. दुसरीही लोखंडीच, पण एकवीस गिअर, पुढेमागे डिस्क ब्रेक आणि पुढच्या चिमट्याला शॉकअप. किंमत 12,500. तिसरी अलॉय फ्रेमची, साध्या चिमट्याची, मागे सात गिअरची, डिस्कवाली. किंमत अठरा हजार. दुकानातल्या मुलाने दुसरीकडे बोट दाखवलं. बहुतेकांना तीच दाखवली जाते.

आधी फ्रेमचं बघू, कारण किमतीतली सगळ्यात मोठी उडी तिथेच असते आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच असतो.

सायकलवर 'अलॉय' असं स्टिकर असतं तेव्हा अलॉय नेमकं काय आहे, हे त्यावर नसतं. कधी फक्त रिम अलॉयच्या असतात, कधी हँडल आणि सीटपोस्ट. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे का, हे बघायला खिशातलं छोटं चुंबक पुरतं. खालच्या जाड नळीला लावलं आणि चिकटलं तर ते लोखंड. मग तेच चुंबक पुढच्या चिमट्याला लावून बघावं. अलॉय फ्रेमच्या पुष्कळ सायकलींचा चिमटा लोखंडी असतो. त्यात वाईट काही नाही, पण पैसे देणाऱ्याला ते माहीत असावं.

अलॉयसाठी जास्त पैसे मोजायचे ते वजन कमी होतं म्हणून. ते किती कमी होतं आणि त्याने काय साधतं, याचा हिशेब एकदा मांडू. भाच्याचं वजन 65 किलो, डबा-पाण्याची पिशवी तीन किलो. लोखंडी सायकल 18 किलोची आणि अलॉयची 14 किलोची धरली, तर एकूण ओझं 86 किलोंऐवजी 82 होतं. म्हणजे पाच टक्क्यांहूनही थोडा कमी फरक. शिवाय सगळी ताकद वजन ओढण्यात जात नाही, काही वाऱ्याशी झगडण्यात जाते, त्यामुळे चढावरही प्रत्यक्षातला फायदा चारेक टक्क्यांवर येतो. पस्तीस मिनिटांच्या वाटेत एखादं-दीड मिनिट वाचलं. सपाट रस्त्यावर तेवढंही नाही. शर्यतीत हे मिनिट म्हणजे पहिल्या आणि विसाव्या क्रमांकातलं अंतर असतं, तिथे त्यासाठी लाखभर रुपये मोजणारे वेडे नाहीत. कारखान्याच्या गेटवर त्या मिनिटाला काही भाव नाही. रोज तिसऱ्या मजल्यावर सायकल उचलून न्यायची असेल, तर मात्र चार किलो खांद्याला जाणवतात. त्या माणसाने अलॉय खुशाल घ्यावी.

लोखंडाची दुसरी बाजू अशी की ते मोडलं तर जोडता येतं. फ्रेमला तडा गेला तर धुळ्यात काय आणि पारोळ्यात काय, वेल्डिंगवाला ती जोडून देतो. दिसायला ओबडधोबड होईल, पण चालेल. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला बळकटी येते ती कारखान्यात जोडकाम झाल्यावर तिला ठरावीक तापमानाची प्रक्रिया दिल्यामुळे. रस्त्यावर वेल्डिंग केलं की त्या जागेची ती बळकटी जाते, आणि जोड दिसायला धड असला तरी पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटतो. अलॉय फ्रेम मोडते तीही बहुतेक जोडाजवळ. आधी रंगावर केसासारखी रेघ दिसते. मागच्या कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा पोती लादणाऱ्याला म्हणूनच अलॉय दाखवू नये. लोखंडाचा शत्रू गंज, आणि तो आतून लागतो. पायडलचा आस जिथे बसतो तिथे खाली पाणी साचतं. पावसाळा संपल्यावर सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करावी, पाणी निथळू द्यावं आणि आत थोडं तेल सोडावं. खानदेशात पाऊस बेताचा, त्यामुळे इथे लोखंडी फ्रेम कोकणापेक्षा जास्त टिकते. तुमच्या जाहिरातीत हे कधी वाचायला मिळत नाही.

आता गिअर. इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण 'एकवीस' या आकड्यावर जितकी विक्री होते तितकी दुसऱ्या कशावर होत नसेल.

सायकलचा गिअर मोजायचा तो एका प्रश्नाने: पायडलची एक फेरी झाली की सायकल किती पुढे जाते? पुढच्या चकतीचे दात मोजायचे, मागच्या फ्रीव्हीलचे मोजायचे, भागाकार करायचा आणि चाकाच्या घेराने गुणायचं. भाच्याला दाखवलेल्या पहिल्या सायकलला पुढे 44 दात होते, मागे 18. सव्वीस इंची चाकाचा घेर जाड टायर धरून साधारण दोन मीटर सात सेंटिमीटर. उत्तर येतं पाच मीटर. माणूस आरामात मिनिटाला साठेक फेऱ्या मारतो, म्हणजे ही सायकल ताशी अठरा किलोमीटरला मजेत चालते. जळगाव शहरात, जिथे रस्ता बहुतेक सपाट आहे, तिथे हे ठीक आहे. लळिंगकडच्या चढावर, समोरून वारा असताना, वेग बारावर येतो. तेव्हा त्याच सायकलवर मिनिटाला फक्त चाळीस फेऱ्या पडतात. फेऱ्या कमी झाल्या की प्रत्येक फेरीला जोर जास्त लागतो, आणि तो गुडघ्यांवर येतो. बिनगिअरची सायकल 'जड' चालते असं लोक म्हणतात, तेव्हा दोष बऱ्याचदा वजनाचा नसतो, या भागाकाराचा असतो.

मागे वीस दातांचं फ्रीव्हील बसवलं की एका फेरीत सायकल साडेचार मीटर जाते. चढावर फेऱ्या चव्वेचाळीसवर जातात. फार मोठा फरक नाही, पण रोजच्या माणसाला तो कळतो, आणि मजुरी धरून खर्च दोन-अडीचशेच्या आसपास येतो. मिस्त्रीने एवढं लक्षात ठेवायचं की दोन दात वाढले की तीच चेन ठेवून मागचं चाक साधारण सहा मिलिमीटर पुढे सरकतं. बहुतेक फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा असते. नसेल तर चेनमध्ये एक जोडी कडी वाढवावी लागते. चाक सरकलं की ब्रेकचे रबरही रिमवर नव्याने जुळवावे लागतात, आणि ते राहून गेलं तर रबर टायरला घासून टायर कापतं. ग्राहक आठवड्याने टायर घेऊन परत येतो आणि शिव्या फ्रीव्हीलला घालतो.

आता एकवीस गिअरवाली. तिच्यावर पुढे 42, 34 आणि 24 दातांच्या तीन चकत्या होत्या आणि मागे 14 पासून 28 पर्यंत सात. कागदावर तीन साते एकवीस. पण पुढची मोठी चकती आणि मागची सगळ्यात मोठी घेतली तर भागाकार दीड येतो. पुढची सगळ्यात लहान आणि मागची सोळाची घेतली तरी दीडच. मधली चकती आणि मागची बावीसची घेतली तर दीडच्या जरासं वर. एकच गिअर तीन वेळा मोजलेला. वर मोठीला मोठी आणि लहानीला लहान जोडली की चेन तिरपी ताणली जाते, खडखडते आणि लवकर झिजते, म्हणून त्या जोड्या वापरायच्याच नसतात. हे सगळं वजा केलं तर हाताशी खरोखर वेगळे गिअर निम्म्याच्या आसपास उरतात. धुळ्याच्या रस्त्यावर त्यातले तीन-चार वापरले जातात. चोवीसची लहान चकती सह्याद्रीच्या घाटासाठी आहे. ती अवधानच्या वाटेवर बहुधा नवी कोरीच राहील.

आणि तिचा खर्च मात्र चालू राहतो. एक जादा डिरेलर, एक जादा वायर, हँडलवर एक जादा खटका, धुळीत भरणारी एक जादा जागा. सायकल स्टँडवरून उजव्या बाजूला पडली की मागच्या डिरेलरचा छोटा पत्रा वाकतो, आणि मग गिअर आपोआप उड्या मारायला लागतात. तो पत्रा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तालुक्याच्या गावी मिळत नाही.

गिअर नकोतच, असं मात्र मी म्हणत नाही. तिसऱ्या सायकलचं गणित बघा. पुढे एकच 42 ची चकती, मागे 14 ते 28 असे सात. चाक थोडं मोठं, त्यामुळे एका फेरीत कमीत कमी सव्वातीन मीटर आणि जास्तीत जास्त साडेसहा. चढावर बारा किलोमीटरच्या वेगाला पुन्हा साठ फेऱ्या मारता येतात, गुडघा सुखी. उताराला आणि मागून वारा असेल तेव्हा लांब गिअरही आहे. भाच्याच्या वाटेला नेमकं हेच हवं होतं. पुढे एक, मागे सात. जळगावातून गिरणेचा पूल ओलांडून बांभोरीच्या टेकडीवर विद्यापीठात रोज सायकलने जाणाऱ्यालाही हेच पुरतं.

पण ते मिळतं कशासोबत? अलॉय फ्रेमसोबत आणि डिस्कसोबत, अठरा हजाराला. लोखंडी फ्रेम, मागे सात गिअर, व्ही-ब्रेक, अलॉय रिम, मडगार्ड आणि कॅरिअर अशी सायकल आम्ही विचारली. दुकानदार चांगला माणूस होता, खरं बोलला: "अशी येते, पण तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ठेवत नाही." गिऱ्हाईक नाही, कारण गिऱ्हाइकाने ती कधी पाहिलीच नाही. गरजेची एक गोष्ट हवी असेल तर बिनगरजेच्या चार गोष्टींचा गठ्ठा सोबत घ्यावा लागतो, माझी मुख्य तक्रार हीच आहे. आणि साध्या सायकलला नंतर सात गिअर बसवून घेऊ, असा विचार कोणी करत असेल तर त्याला तुम्हीच अडवा. तिचा मागचा हब आणि फ्रेममधली जागा अरुंद असते. हब, चाक, डिरेलर, खटका, चेन असं सगळंच बदलावं लागतं आणि तरी ते नीट बसत नाही.

ब्रेकच्या बाबतीत डिस्कची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. डिस्क चिखलात आणि पावसात चांगली चालते. खड्ड्यात आदळून रिम वाकली तरी डिस्क ब्रेक लागतो, व्ही-ब्रेकचं चाक मात्र रबराला घासत अडकतं. कोणी चाळीसगावच्या बाजूला कन्नड घाट रोज उतरत असेल तर त्याने चांगली डिस्क घ्यावी, त्यात वाद नाही. पण 'चांगली' हा शब्द महत्त्वाचा. बारा-तेरा हजारांच्या सायकलवर येते ती वायरने ओढली जाणारी, पातळ तबकडीची साधी डिस्क. तिच्यात बऱ्याचदा एकाच बाजूचं पॅड हलतं आणि तबकडीला दुसऱ्या पॅडवर दाबतं. पॅड झिजलं की दोन्ही बाजू हाताने जुळवाव्या लागतात. पार्किंगमध्ये शेजारच्या सायकलचं पायडल तबकडीत घुसलं की ती वाकते आणि प्रत्येक फेरीला 'सुंई-सुंई' वाजत राहते. पॅडचे आकार कंपनीगणिक वेगळे. व्ही-ब्रेकचे रबर मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि ग्राहक घरी पान्याने बदलू शकतो.

व्ही-ब्रेकने सायकल थांबते की नाही ते रबरापेक्षा रिमवर ठरतं. ब्रेकच्या नावाकडे सगळे बघतात, रिमकडे कोणी बघत नाही. चकचकीत क्रोमची लोखंडी रिम कोरडी असताना ठीक, पण ओली झाली की रबर तिच्यावरून घसरतं आणि थांबायचं अंतर भलतंच वाढतं. जुन्या काळच्या सळईच्या ब्रेकवाल्या सायकली पावसात पाय घासूनच थांबवाव्या लागायच्या, त्याचं एक मोठं कारण हेच. अ‍ॅल्युमिनियमची रिम ओल्यातही बरीच चांगली पकडते. म्हणजे अलॉयवर पैसे खर्चायचेच असतील तर रोजच्या माणसाने ते आधी रिमवर खर्चावेत, फ्रेमवर नाही. रिमला चुंबक लावून बघा, इथेही तेच.

ब्रेक तपासायला दुकानातल्या दुकानात दोन मिनिटं लागतात. पुढचा ब्रेक पूर्ण दाबायचा आणि सायकल पुढे ढकलायची. चाक न फिरता मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून तसंच ढकलायचं, चाक फरफटलं पाहिजे. दोन्ही वेळा दाबलेली दांडी हँडलला टेकता कामा नये, मध्ये बोटभर जागा उरली पाहिजे. टेकली तर वायर सैल आहे किंवा दांडीच पातळ पत्र्याची आहे. वायर ओढून घेता येते, दांडी वाकत असेल तर ती सायकल सोडून द्यावी.

शॉकअपबद्दल थोडक्यात. स्वस्त शॉकअपमध्ये स्प्रिंग असते आणि तिला आवर घालणारं काही नसतं. ती दीडेक किलो वजन वाढवते, उभं राहून पायडल मारलं की जोर खाते, आणि वर्षा-दोन वर्षांत धूळ जाऊन एक तर जाम होते किंवा हँडल डुगडुगायला लागतं. खड्ड्यांवर त्याहून चांगला उपाय म्हणजे जाड टायर. पुढेमागे दोन्हीकडे शॉकअप असलेली दहा-बारा हजारांची सायकल कोणालाही विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शर्यतीच्या सायकलींचं सामान आता हळूहळू रोजच्या सायकलींवर उतरतं आहे, त्याचंही बघा. खाली वळलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर, लांब बारीक वॉल्व्ह. असल्या वॉल्व्हला आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप थेट लागत नाही. पितळेचं छोटं अ‍ॅडाप्टर सोबत ठेवावं लागतं, आणि ते नेमकं त्या दिवशी घरी राहतं. बारीक टायरला हवा फार जास्त भरावी लागते. बांधावरच्या बाभळीच्या काट्यांनी आणि सराट्यांनी त्यांची काय गत होते ते पंक्चरवाल्यालाच विचारा. शिवाय अशा फ्रेमला मागच्या आसाजवळ कॅरिअर आणि मडगार्ड बसवायची छिद्रंच नसतात. डबा पाठीवर, आणि मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत पाठीवरची बॅग म्हणजे काय ते जळगावकराला सांगायला नको. रोजच्या सायकलीत ती छिद्रं आहेत की नाहीत, हे किमतीआधी बघावं.

आमच्या खरेदीचा हिशेब सांगतो. भाच्याने 6,800 ची पहिली सायकल घेतली. तिच्या रिम अलॉयच्या होत्या, चुंबक लावून खात्री केली होती. फ्रीव्हील वीस दातांचं बसवून घेतलं, दोनशे रुपये. ब्रेकचे रबर चांगल्या प्रतीचे, शंभर. एकूण 7,100. दुसरी घेतली असती तर 12,500 वर मडगार्डचे साधारण पाचशे, कॅरिअरचे सहाशे आणि स्टँडचे अडीचशे, म्हणजे 13,850. जवळजवळ पावणेसात हजार जास्त देऊन लहान चकती, वायरची डिस्क आणि स्प्रिंग हातात आली असती. सात गिअरची लोखंडी सायकल दुकानात असती आणि तिची किंमत नऊ-साडेनऊ हजार असती, तर त्याने तीच घेतली असती आणि तुमचा गल्लाही दोन हजारांनी वाढला असता.

आता एका वेगळ्या गिऱ्हाइकाबद्दल, कारण जून महिन्यात ते तुमच्या दारात येतंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. 2022 मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार करण्यात आली. मुलीचा बाप पाच हजारांत बसणारी सायकल शोधतो, आणि त्या किमतीत जे उभं असेल ते दाखवलं जातं. या किमतीत गिअर आणि अलॉय फ्रेमचा प्रश्नच येत नाही, आणि त्याची खंत नको. तिथे सगळं लक्ष ब्रेकवर द्या. रिम लोखंडी असतील तर ओल्या रस्त्यावर आधीपासून ब्रेक धरायला मुलीला सांगा. ब्रेकच्या दांडीला मुळाशी बहुतेकदा एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. तेरा वर्षांच्या मुलीच्या बोटांना कारखान्यातून आलेली दांडी पुष्कळदा पुरत नाही, मग ती दोनच बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढते आणि पाय खाली टेकवून थांबते. तो स्क्रू फिरवायला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही. आणि ज्यांच्या वाटेवर चढ आहे त्यांच्यासाठी विकतानाच विसाचं फ्रीव्हील लावून द्या. विकल्यावर बदलण्यापेक्षा ते सोपं पडतं.

म्हणून माझी मागणी एका कागदापुरती आहे. प्रत्येक सायकलला किमतीच्या आकड्याखाली सहा ओळी हाताने लिहून लावा: फ्रेम कशाची आणि चिमटा कशाचा, सायकलचं वजन काट्यावर किती भरलं, पुढे आणि मागे दात किती, ब्रेक कोणता आणि रिम कशाची, मडगार्ड-कॅरिअर-स्टँड किमतीत आहे की वेगळं, आणि जीएसटी धरून बिलाची रक्कम किती. शेवटची ओळ सांगितली ती सहज नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. जुन्या कराने 6,800 ला बसणारी सायकल नव्या कराने 6,375 ला बसते. जुनी छापील किंमत तशीच लटकत असेल तर ती आता काढा.

भंगारवाल्याकडे असतो तसला लटकता काटा पाच-सहाशे रुपयांत येतो, दात मोजायला पोरगा दुकानात आहेच. शाळा उघडायच्या आत हे करून दाखवा, आणि तेव्हाच सात गिअरच्या, लोखंडी फ्रेमच्या, व्ही-ब्रेकच्या निदान दोन सायकली मागवून पुढच्या ओळीत उभ्या करा. त्या विकल्या गेल्या नाहीत तर मला बोलवा, एक मी घेऊन जाईन.

आपला,
देवपूर, धुळे येथील एक गिऱ्हाईक